रिक्त शून्य, वर्गावर कोणी नाही

पंचायत समितीच्या शिक्षण विभागात प्रत्येक तालुक्याचा एक तक्ता असतो. शाळेचं नाव, पट, मंजूर पदं, कार्यरत पदं आणि शेवटच्या रकान्यात रिक्त पदं. गेल्या पावसाळ्यात घाटाखालच्या एका तालुक्यातला असा तक्ता हातात घेऊन मी तीन जिल्हा परिषद शाळांत गेलो. तिन्ही शाळांपुढे शेवटच्या रकान्यात शून्य होतं, आणि त्या मी त्यासाठीच निवडल्या होत्या. शाळांची, गावांची आणि तालुक्याची नावं इथे देत नाही. ज्या शिक्षकांनी हजेरीपत्रक उघडून दाखवलं त्यांच्या हातात दुसऱ्या दिवशी नोटीस पडू नये, एवढंच त्यामागचं कारण.

पहिली शाळा एका वाडीवरची, चौथीपर्यंतची, पट 17. सर एकटेच. एका खोलीत दोन फळे. पहिली-दुसरीची मुलं एका भिंतीकडे तोंड करून बसलेली, तिसरी-चौथीची समोरच्या भिंतीकडे. सर तिसरीला हातच्याची वजाबाकी समजावत होते, तेव्हा पहिलीची पोरं पाटीवर ‘क’ गिरवत होती. अर्ध्या तासाने बाजू बदलली. मध्येच पोषण आहाराची त्या दिवसाची संख्या मोबाइलवर भरायची होती, ती रेंजसाठी अंगणात जाऊन भरून झाली. मी विचारलं, ‘‘सर, शिक्षण परिषदेला केंद्रशाळेत जावं लागतं, तेव्हा?’’ ते म्हणाले, ‘‘शेजारच्या वाडीचे गुरुजी येतात. मग त्यांच्याकडे एकच उरतो.’’ आणि तेही नसले तर? तर खिचडी शिजवणाऱ्या ताई मुलांना धरून बसतात.

या शाळेत मंजूर पद एक, कार्यरत एक, म्हणून रिक्त शून्य. गणितात चूक नाही. प्रश्न आहे तो मंजूर पद एकच का, हा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असं लिहिलं आहे. वीस मुलं असतील तर एक, असा पोटभेद तिथे नाही. राज्य सरकारने 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयात संचमान्यतेचे निकष बदलले. वीसपर्यंत पट असलेल्या शाळेला एक नियमित शिक्षक, आणि गरज वाटली तर दुसरा सेवानिवृत्तांमधून, असं ठरलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डी.एड., बी.एड. झालेल्या बेरोजगारांना महिना 15,000 रुपयांवर कंत्राटाने नेमायचा निर्णय झाला आणि काही महिन्यांत तो मागेही घेतला गेला. वाडीवर यातलं कोणीच पोहोचलं नाही. दुसरं पद नियमित मंजूरच नाही, त्यामुळे ते रिक्तही नाही. तक्त्यातलं शून्य तिथून आलं.

शिक्षकांच्या रिक्त पदांबद्दल आपण जे वाचतो, ऐकतो, त्यातली पहिली गफलत इथेच होते. रिक्त पदांचा आकडा शाळेत जाऊन कोणी मोजत नाही. तो वजाबाकीतून येतो, मंजूर पदांमधून कार्यरत पदं वजा करून. मंजूर पदं किती, हे सरकार संचमान्यतेत ठरवतं. कार्यरत किती, हे पगारपत्रक सांगतं. दोन्ही बाजू कागदावरच्या आहेत आणि दोन्ही खालीवर करता येतात. नवा शिक्षक न देताही रिक्त पद ‘भरता’ येतं, मंजूर पदच कमी करून.

संचमान्यता म्हणजे काय, हे शाळेबाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं. दर वर्षी 30 सप्टेंबरचा पट धरून प्रत्येक शाळेला किती शिक्षक मिळतील हे संगणकप्रणाली ठरवते, आणि त्याचं पत्रक शाळेच्या लॉगिनवर येतं. अलीकडे या पटात आधार वैध झालेलीच मुलं धरली जातात. वर्गात बसलेलं मूल, ज्याच्या आधारकार्डावर जन्मतारीख किंवा नावाचं स्पेलिंग शाळेच्या नोंदीशी जुळत नाही, ते शिकवण्यापुरतं आहे आणि मोजण्यापुरतं नाही. ऊसतोडीला गेलेल्या, वीटभट्टीवर राहणाऱ्या कुटुंबांत हे जास्त होतं, कारण आधार केंद्रावर दोन-दोन फेऱ्या मारायला त्यांच्याकडे दिवस नसतात. साठाच्या सीमेवर असलेल्या शाळेत अशी तीन मुलं कमी झाली की एक शिक्षक जातो.

याच टप्प्यावर एक साधं उदाहरण मांडून पाहू. एका शाळेत पहिली ते पाचवीचा पट 63 आहे. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे 61 ते 90 मुलांना तीन शिक्षक, म्हणून पदं तीन. त्यातला एक शिक्षक मे महिन्यात निवृत्त झाला, जागा भरली नाही. आता मंजूर तीन, कार्यरत दोन, रिक्त एक. वर्षभर पाच इयत्ता दोघांनी ओढल्या. दुसरी आणि तिसरीची मुलं सतत एकत्र बसलेली पाहून पाच पालकांनी आपली मुलं रस्त्यावरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातली. पुढच्या सप्टेंबरात पट 58. पदं दोन, कार्यरत दोन, रिक्त शून्य. वर्षभरापूर्वीपेक्षा तक्ता सुधारला. जिल्ह्याच्या बैठकीत रिक्त पदांचं प्रमाण घटल्याचं वाचून दाखवलं जाईल आणि कोणीही खोटं बोललेलं नसेल. म्हणून रिक्त पदांची बातमी लिहिणाऱ्याने एकाच वर्षाचा शेवटचा रकाना कधीच घेऊ नये. किमान तीन वर्षांची संचमान्यता शेजारी शेजारी ठेवावी आणि पहिल्यांदा मंजूर पदांचा रकाना वाचावा.

दुसरी शाळा थोडी मोठी होती, सातवीपर्यंतची, पट शंभराच्या पुढे. मंजूर पाच, कार्यरत पाच. मी पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते आणि इमारतीत दोनच शिक्षक होते, दोघीही बाई. एकीने पहिली ते चौथी व्हरांड्यात एकत्र बसवली होती, दुसरी वरच्या तीन वर्गांच्या मधल्या दारात उभी राहून एकाला गणित आणि दुसऱ्याला शुद्धलेखन देत होती. उरलेले तिघे कुठे, हे मी विचारलं. इथे कोणाचाही कामचुकारपणा नव्हता, हे आधीच सांगतो.

एक सर जूनपासून ‘कामगिरी’वर होते. शिक्षण खात्यात या शब्दाला ठराविक अर्थ आहे. शिक्षकाची मूळ शाळा एक, पण तात्पुरत्या आदेशाने काम दुसऱ्या शाळेत. पगार मूळ शाळेच्या नावावर निघतो, म्हणून तक्त्यात तो इथे कार्यरत. खरं तर तो पलीकडच्या खोऱ्यात, जिथे एकही शिक्षक उरला नव्हता तिथे, शाळा उघडी ठेवत होता. दुसऱ्या बाई प्रसूतिरजेवर. तिसरे सर मतदारयादीच्या कामाला, बीएलओ म्हणून.

या तीन गैरहजेऱ्यांकडे तीन वेगळ्या नजरांनी पाहायला हवं आणि वृत्तांकनात इथेच घाई होते. प्रसूतिरजा हा हक्क आहे. दोष आहे तो त्या सहा महिन्यांसाठी बदली शिक्षक देण्याची व्यवस्था नसण्याचा. मतदारयादीचं काम कायद्याच्या कलम 27 मध्ये बसतं, कारण जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढ्या तीन गोष्टींना तिथे मोकळीक आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सेंट मेरीज स्कूलच्या प्रकरणात यादीच्या दुरुस्तीचं काम शिक्षकांना सुटीच्या किंवा न शिकवण्याच्या दिवशी द्यावं असं सांगितलं होतं. मी गेलो तो बुधवार होता. आणि कामगिरी? कलम 25 चा दुसरा भाग सांगतो की शिक्षक-विद्यार्थी प्रमाण राखलं जावं म्हणून एका शाळेत नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात राबवता येणार नाही. ही तरतूद गटशिक्षणाधिकाऱ्यांना ठाऊक असते. त्यांची अडचणही खरी असते. शून्यशिक्षकी शाळेचं कुलूप उघडायला त्यांच्या हातात दुसरा मार्ग नसतो. एका शाळेचं रिक्त पद दुसऱ्या शाळेत सरकवून ते दोन्ही ठिकाणी अदृश्य होतं, हे मात्र त्यांच्या आदेशामुळेच घडतं.

तिसऱ्या शाळेत आठवीपर्यंतचे वर्ग आहेत. सहावी ते आठवीसाठी पदवीधर शिक्षकांची तीन पदं, तिन्ही भरलेली. अनुसूची म्हणते की या तीन वर्गांसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांचा किमान एकेक शिक्षक असला पाहिजे. या शाळेत भाषेचे दोन होते, सामाजिक शास्त्राचा एक. आठवीला बीजगणित शिकवणाऱ्या मॅडमनी स्वतः बारावी कला शाखेतून केली होती. त्या रात्री घरी बसून उदाहरणं सोडवून येतात, असं त्यांनी सांगितलं, आणि त्यांच्या टाचणवहीत प्रत्येक उदाहरण तीनदा सोडवलेलं मी पाहिलं. गणित-विज्ञानाचे पदवीधर शिक्षक मिळणं अवघड जातं, कारण प्राथमिक शिक्षकांमधून ही पदं पदोन्नतीने किंवा विकल्पाने भरताना विज्ञान शाखेची अट पूर्ण करणारे थोडे असतात. तालुक्याच्या तक्त्यात पदवीधर शिक्षकांचा एकच रकाना आहे, विषयवार नाही. म्हणून तिथेही शून्य.

तीन शाळा, तीन शून्यं. पहिल्यात पदच मंजूर नाही, दुसऱ्यात पद भरलेलं पण माणूस तिथे नाही, तिसऱ्यात माणूस आहे पण त्या विषयाचा नाही. चौथा प्रकार अर्थातच खऱ्याखुऱ्या रिक्त पदाचा. तो तक्त्यात दिसतो आणि बातम्या त्याच्याच येतात.

आता त्या दिसणाऱ्या प्रकाराकडे. अधिकारी बहुतेक वेळा टक्केवारीत उत्तर देतात. ‘‘आमच्या तालुक्यात रिक्त पदं सात टक्के, दहाच्या आत.’’ या दहा टक्क्यांचा उगम कायद्याच्या कलम 26 मध्ये आहे. नियुक्ती करणाऱ्या प्राधिकरणाने आपल्या नियंत्रणाखालच्या शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त होऊ द्यायची नाहीत, असं ते कलम सांगतं. शब्द आहे शाळा. तालुका नाही, जिल्हाही नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत एक जागा रिकामी राहिली तर ते पन्नास टक्के होतात. पाच शिक्षकांच्या शाळेत वीस टक्के. दहापेक्षा कमी पदं असलेल्या कोणत्याही शाळेत एक जागाही रिकामी राहिली तरी कायद्याची मर्यादा मोडते. महाराष्ट्रातल्या बहुतेक ग्रामीण प्राथमिक शाळा याच मापाच्या आहेत, म्हणजे त्यांच्यासाठी या कलमाचा सरळ अर्थ एकही जागा रिकामी नको, असा होतो. जिल्ह्याच्या सरासरीला दहाची फूटपट्टी लावणं हा कायद्याचा चुकीचा वापर आहे, आणि तो इतका रुळला आहे की पत्रकारही तीच फूटपट्टी उचलतात.

सरासरी काय झाकते ते आकड्यांत पाहू. समजा एका तालुक्यात 150 शाळा आणि 400 मंजूर पदं आहेत. कार्यरत 372, रिक्त 28, म्हणजे सात टक्के. ही 28 रिकामी पदं मोठ्या शाळांत असती तर फार बिघडलं नसतं. पण ती रस्त्यापासून लांब असलेल्या, दोनशिक्षकी 28 शाळांत एकेक अशी विखुरलेली असतील तर 150 पैकी 28 शाळा एकशिक्षकी होतात. पदांचे सात टक्के आणि शाळांचे जवळजवळ एकोणीस टक्के. रिकामी पदं लांबच्या शाळांत साचतात याला कारणं आहेत. बदली मागताना सोयीची शाळा सगळ्यांनाच हवी असते, तालुक्याच्या गावात मुलांचं शिक्षण आणि नवरा-बायको दोघांची नोकरी जमते. यावर उतारा म्हणून जिल्हांतर्गत बदल्यांत ‘समानीकरण’ आणलं गेलं, म्हणजे रिक्त पदांचं ओझं सगळ्या तालुक्यांवर सारखं वाटायचं आणि काही जागा मुद्दाम रिकाम्या ठेवायच्या. कल्पना योग्य आहे. पण ती तालुक्यांमध्ये समानता आणते, शाळांमध्ये नाही. वाटप तालुक्यापर्यंत येऊन थांबतं आणि तालुक्याच्या आत पुन्हा उतारावरून पाणी वाहतं तसं होतं.

रिकाम्या जागा निर्माण होतात कशा, हेही थोडक्यात सांगायला हवं, कारण नाहीतर सगळा दोष बदल्यांवर जातो. राज्यात मे 2012 पासून शिक्षकभरतीवर बंदी आली. निवृत्ती मात्र थांबत नाही, ती दर वर्षी होतेच. बंदीनंतर भरतीसाठी जून 2017 मध्ये ‘पवित्र’ हे संकेतस्थळ ठरलं, डिसेंबर 2017 मध्ये पहिली अभियोग्यता चाचणी झाली आणि निवडयादी लागायला ऑगस्ट 2019 उजाडलं. दुसरी चाचणी 2023 च्या सुरुवातीला, तिची मोठी जाहिरात आणि शिफारशी 2024 च्या फेब्रुवारीत. तिसरी चाचणी 2025 च्या उन्हाळ्यात. दोन भरत्यांच्या मध्ये चार-पाच वर्षं जातात. प्रत्येक वेळी आधी बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते, म्हणजे कोणत्या प्रवर्गाच्या किती जागा निघतात ते मागासवर्ग कक्षाकडून मान्य करून घ्यावं लागतं. एखाद्या जिल्हा परिषदेची बिंदुनामावली अडकली की त्या जिल्ह्याच्या जागा जाहिरातीतच येत नाहीत. आंतरजिल्हा बदलीने कोकणातून घाटावर आपल्या गावाकडे जाणाऱ्यांची रांग मोठी असते, उलट येणारे थोडे. म्हणून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर या जिल्ह्यांत जागा भरल्या की काही वर्षांत पुन्हा रिकाम्या होतात.

एक नवं कारण पुढच्या दोन वर्षांत दिसेल. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सेवेतल्या शिक्षकांनाही पात्रता परीक्षा बंधनकारक ठरवली. ज्यांची पाच वर्षांहून जास्त सेवा उरली आहे त्यांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं लागेल, नाहीतर सक्तीची निवृत्ती. हा खटला महाराष्ट्रातूनच गेला होता. किती जागा यामुळे रिकाम्या होतील, हे आज सांगता येणार नाही. प्रत्येक तालुक्यात टीईटी न झालेले किती शिक्षक आहेत, हा आकडा मात्र आज मागता येतो, आणि तो मागायला हवा.

अधिकृत आकडे कुठून घ्यायचे? सगळ्यात जवळचं साधन यू-डायस. प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक आहे, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो आणि शाळेच्या दर्शनी भिंतीवर बहुधा रंगवलेला असतो. `udiseplus.gov.in` वर तो टाकला की त्या शाळेचं पत्रक उघडतं. त्यात शिक्षक किती हे कळतं, मंजूर किती हे कळत नाही. आणि कंत्राटी माणूसही शिक्षकांच्या बेरजेत येतो. राज्यपातळीवर याच यू-डायसचा 2024-25 चा आकडा असा की देशात 1,04,125 एकशिक्षकी शाळा आहेत आणि महाराष्ट्रात 8,152. हा आकडा रिक्त पदांचा नाही, पण माझ्या मते तो जास्त प्रामाणिक आहे. मंजूर पदं कमी करून एकशिक्षकी शाळांची संख्या लपवता येत नाही. एक माणूस तो एकच.

मंजूर पदांसाठी संचमान्यतेचं पत्रक लागतं आणि ते माहितीच्या अधिकारात मागावं लागतं. मागण्यातही एक खाच आहे. ‘‘आपल्या तालुक्यात किती शिक्षकपदं रिक्त आहेत?’’ असा प्रश्न केला तर एका ओळीचं उत्तर येतं आणि ते टक्केवारीत असतं. प्रश्न विचारू नये, कागद मागावा. मी लिहितो तो मजकूर असा: ‘‘तालुक्यातील सर्व जिल्हा परिषद प्राथमिक शाळांच्या मागील तीन वर्षांच्या अंतिम संचमान्यतेच्या प्रती. तसेच 15 जुलै रोजीची शाळानिहाय यादी, ज्यात शाळेचा यू-डायस क्रमांक, इयत्तानिहाय पट, मंजूर पदे, शालार्थप्रमाणे वेतन घेणारे शिक्षक, त्यापैकी कामगिरीवर अन्यत्र असलेले शिक्षक व त्यांच्या आदेशांच्या प्रती, आणि पदवीधर शिक्षकांचे विषय नमूद असतील.’’ दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांची मुदत. तारीख नेमकी घालायची, कारण जूनमध्ये निवृत्ती आणि बदल्यांनी शाळा रिकामी होते आणि सप्टेंबरअखेरीस ती कागदावर सावरलेली असते. पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही तर अपील. माझ्या एका अर्जाला एका कार्यालयाने ‘‘माहिती मोठ्या प्रमाणावर असल्याने संकलित करता येत नाही’’ असं कळवलं होतं. अपिलात मी एवढंच लिहिलं की हीच माहिती भरल्याशिवाय संचमान्यता निघत नाही. यादी मिळाली.

यादी आणि पत्रक हातात आले की दोन्ही यू-डायस क्रमांकाने जोडायचे, शाळेच्या नावाने नाही. एकाच केंद्रात ‘जि. प. शाळा, गावठाण’ नावाच्या दोन शाळा असू शकतात. जोडलेल्या यादीत तीन खुणा करायच्या. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे जितके शिक्षक हवेत त्यापेक्षा मंजूर कमी, त्या शाळांना एक खूण. कार्यरत दाखवलेल्यांपैकी कामगिरीवर गेलेले वजा केले की उरणारा आकडा घटतो, त्यांना दुसरी. पदवीधर पदं भरलेली पण गणित-विज्ञान नाही, त्यांना तिसरी. तालुक्याची यादी एका रविवारी होते. मग शाळा कोणत्या पाहायच्या हे ठरवायचं. जाण्याआधीच ठरवायचं, आणि कशा निवडल्या ते लिहायचं. ‘‘फलाण्या शाळेत या, परिस्थिती फार वाईट आहे’’ असा फोन आला म्हणून तिथे गेलं तर सर्वांत वाईट शाळा दिसते, नेहमीची नाही.

तीन शाळांना भेट देऊन तालुक्याचं प्रमाण सांगता येत नाही. ते काम यादीचं. भेटीचं काम वेगळं आहे. यादीतलं शून्य खऱ्या वर्गात कसं दिसतं, ते शून्य कशामुळे आलं आणि त्या दिवसाचा कितवा तास मुलांना शिक्षकाविना गेला, हे भेट सांगते. त्यासाठी शिक्षकांचं हजेरीपत्रक, हालचाल रजिस्टर, कामगिरीचा आदेश आणि पोषण आहाराची नोंद एकत्र पाहायची. पोषण आहाराच्या वहीतली त्या दिवसाची संख्या आणि वर्गांच्या हजेरीची बेरीज जुळते का, हेही पाहायचं, कारण पट फुगवून पद टिकवण्याचा मोह काही शाळांना होतो, आणि तो लपवून बाकीच्यांची बाजू मांडली तर सगळीच बातमी खोटी पडते. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना भेटायचं. त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि जूनपासून कोण किती दिवस शाळेत आहे हे त्यांना तोंडपाठ असतं.

एका दिवसाची गैरहजेरी आणि रिक्त पद यांत गल्लत झाली तर शिक्षक चोर ठरतो. हे आपल्याकडे घडून गेलं आहे. 2003 मध्ये देशातल्या वीस राज्यांत संशोधकांनी न कळवता शाळांना भेटी दिल्या आणि सरासरी 25 टक्के शिक्षक गैरहजर आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण 14.6 टक्के होतं, सर्व राज्यांत कमी. पण मथळे झाले ते पंचवीस टक्क्यांचे, आणि ‘दांडीबहाद्दर गुरुजी’ ही प्रतिमा पक्की बसली. पुढे 2017 मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने सहा राज्यांतल्या 619 शाळांत पाहणी केली, तेव्हा शाळेत नसलेल्या शिक्षकांची कारणंही नोंदवली. नसलेले 18.5 टक्के. एकूण शिक्षकांपैकी विनाकारण गैरहजर केवळ 2.5 टक्के. बाकीचे रजेवर, प्रशिक्षणात किंवा सरकारी कामावर. मोजणी दोन्ही ठिकाणी झाली, फरक पडला तो ‘का नाहीत’ विचारल्याने. म्हणून रिकाम्या खुर्चीचा फोटो काढून निघून येऊ नये. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो तर मुळीच नकोत.

हे सगळं करून मी जे म्हणतो आहे ते एवढंच. शिक्षकांची टंचाई मोजण्याचं मूळ एकक रिक्त पद नसावं. कोणत्या शाळेत, कोणत्या इयत्तेला, कोणत्या विषयाला, कोणत्या महिन्यात शिक्षक समोर नव्हता, हे असावं. सरकारकडे त्यासाठी लागणारं सगळं आहे. पट आहे, शालार्थचं पगारपत्रक आहे, कामगिरीचे आदेश आहेत, रजेच्या नोंदी आहेत. ते चार ठिकाणी पडून आहेत आणि एकत्र जोडून, शाळानिहाय, तारखेसह जाहीर केले जात नाहीत. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचं कलम 4 अशी माहिती कोणी न मागता आपणहून प्रसिद्ध करायला सांगतं. जिल्हा परिषदांनी ती दर महिन्याला संकेतस्थळावर टाकावी आणि प्रत्येक शाळेच्या दर्शनी फलकावर लिहावी.

तोवर, वाचकहो, आपल्या गावच्या शाळेच्या भिंतीवरचा अकरा अंकी क्रमांक उतरवून घ्या, तीन वर्षांची संचमान्यता मागा आणि येत्या पंधरवड्यात एका साध्या बुधवारी अकरा वाजता शाळेत जा. मी गेलो होतो त्या वाडीवरच्या शाळेत यंदा पट 15 झाला आहे. मंजूर एक, कार्यरत एक, रिक्त शून्य.